शाळेच्या ब्लेझरची बाही घरी आखूड करताना: न दिसणारी हातशिलाई आणि अस्तराचा शिडीटाका

सोलापुरात गणवेश घ्यायला गेलं की दुकानदार स्वतःच म्हणतो, "एक नंबर मोठा घ्या, पोरगं वाढतं." शर्ट-पॅन्टचं त्याने भागतं. ब्लेझरची बाही मात्र बोटांवर येते, आणि तिला आत अस्तर असल्यामुळे शर्टासारखी दुमडून मशीन मारता येत नाही. जूनच्या तोंडावर शिंप्याकडे आधीच रांग लागलेली असते. एका बाहीचा घेर जेमतेम २५ सें.मी. असतो, तेव्हा हे काम हाताने घरीच करता येतं. दोन टाके यायला हवेत. एक बाहीची दुमड आतून धरणारा, जो बाहेरून दिसत नाही. दुसरा अस्तराची उसवलेली शिवण बाहेरून बंद करणारा शिडीटाका.

इथे उदाहरणाला बाही ५४ सें.मी. धरली आहे. ती ५१ करायची आहे, म्हणजे ३ सें.मी. आखूड. कापड कुठेही कापायचं नाही, म्हणजे पुढच्या वर्षी बाही पुन्हा सोडता येईल. ४ सें.मी.पर्यंत ही पद्धत चालते. त्याहून जास्त आखूड करायची असेल तर आतली पट्टी फार रुंद होते आणि मनगटाशी जाड गोळा तयार होतो. तेव्हा कापावंच लागतं, आणि तो वेगळा खटाटोप आहे. बाहीच्या टोकाला खरी काजं असलेली उघडी चीर असेल, तर हा उद्योग करू नका. बटणं नुसती शोभेची असतील तर हरकत नाही.

काय काय लागेल

- हातशिलाईची बारीक सुई, ९ किंवा १० नंबरची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.
- पॉलिस्टरचा दोरा दोन रंगांत, एक ब्लेझरचा आणि एक अस्तराचा. नेमका रंग मिळाला नाही तर किंचित गडद घ्या, फिका घेऊ नका. फिका टाका गडद कापडावर चमकतो.
- कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्याच रंगाचा दोरा. पांढरा उत्तम.
- टाचण्या, मार्किंगचा खडू, टेप, छोटी टोकदार कात्री, शिवण उसवायचा रिपर.
- अंगुस्तान.
- इस्त्री आणि सुती रुमाल.

हे सगळं नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीच्या बाजूला शिलाईच्या सामानाच्या दुकानांत मिळतं. दोरा घ्यायला जाताना ब्लेझर सोबत न्या आणि दोऱ्याचा एक पदर कापडावर आडवा ठेवून पाहा. रिळावर गुंडाळलेला रंग आणि सुटा पदर यांत फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका, दाराशी उजेडात या.

१. माप घ्या आणि खूण करा

मुलाला शर्टावर ब्लेझर घालायला लावा, हात सरळ खाली सोडू द्या. कोपर वाकवून माप घेतलं तर बाही नंतर आखूड पडते. बाहीचं टोक मनगटाच्या हाडाच्या जरा खाली, अंगठ्याच्या मुळाकडे यावं. वाढत्या मुलाला एवढी सूट ठेवलेली बरी. दोन्ही हात मोजा. तयार ब्लेझरच्या दोन्ही बाह्या अगदी सारख्या असतीलच असं नाही.

जिथे बाही संपायला हवी तिथे टाचणी लावा, ब्लेझर काढा आणि बाहीच्या जुन्या टोकापासून टेपने मोजत पूर्ण घेरावर ३ सें.मी.वर खडूची रेघ ओढा. शोभेची बटणं असतील तर त्यांचं टोकापासूनचं अंतर आत्ताच लिहून ठेवा आणि बटणं काढून घ्या. ती नव्या दुमडीपासून तेवढ्याच अंतरावर परत लावायची आहेत, नाहीतर अगदी काठावर येतील.

२. अस्तर कुठे उसवायचं

बाही उलटी करा, म्हणजे अस्तर वर येईल. पुष्कळ तयार ब्लेझरमध्ये एका बाहीच्या अस्तरावर, लांब शिवणीच्या मधोमध, बाहेरून मारलेली बारीक टीप दिसते. कारखान्यात ब्लेझर सुलटा करायला तिथूनच वाट ठेवलेली असते. ती सापडली तर तीच उसवा. दुसऱ्या बाहीला अशी वाट नसते, तिथे शरीराच्या बाजूच्या शिवणीत आपण करायची.

बाहीच्या टोकापासून साधारण १८ सें.मी.वर सुरुवात करून १५ सें.मी. उसवा. टोकाच्या अगदी जवळ उसवू नका, कारण तिथे पुढे अस्तरात चिमटा घ्यायचा आहे. वाट १२ सें.मी.पेक्षा लहान ठेवली तर बाही ओढताना शिवण पुढे फाटत जाते.

रिपर सरळ शिवणीत घुसवून चालवायचा मोह होतो. तसं करू नका. अस्तराचं टॅफेटा पातळ आणि निसरडं असतं, रिपरचं टोक एकदा कापडात गेलं की फाटच पडते. दर तिसरा-चौथा टाका कापा आणि मग दोरा ओढून काढा. उसवलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना लगेच उलटी टीप घालून शिवण पक्की करा, नाहीतर काम होईपर्यंत वाट १५ची २० होते.

३. बाहीचं टोक बाहेर ओढा

आता वाटेतून हात घाला, अस्तर आणि कापड यांच्या मधून खाली जा, बाहीचं टोक पकडा आणि वाटेतून बाहेर ओढा. समोर येते ती ब्लेझरच्या कापडाची उलटी बाजू आणि तिला टोकाशी जोडलेलं अस्तर. इथे नवखे गोंधळतात, कारण सगळंच आतबाहेर झालेलं असतं. कापडाची शिवण आणि अस्तराची शिवण पूर्वीसारख्याच एकमेकींसमोर आहेत ना, एवढं पाहा. बाही पिळलेली असेल तर आत्ताच सरळ करा. पिळलेलं अस्तर शिवून झाल्यावर दिसत नाही, हात घातल्यावर कळतं.

जुनी दुमड धरणारे टाके दिसतील. बहुतेक वेळा फक्त शिवणींपाशी दोन-चार टाके असतात. ते कापा. अस्तर आणि पट्टी जोडणारी गोल शिवण मात्र उसवू नका. ती तशीच राहणार आहे.

आणखी एक गोष्ट इथेच करायची. बाही वर जाते तशी रुंद होते. जुनी पट्टी आता ३ सें.मी. वर सरकून जास्त रुंद भागावर बसणार, म्हणजे ती किंचित तोकडी पडेल. म्हणून पट्टीच्या भागातली, म्हणजे नव्या दुमडीच्या रेघेखालची, बाहीची उभी शिवण २ ते ३ सें.मी. उसवून ठेवा. ती जागा फाकते आणि पट्टी सपाट बसते. हे केलं नाही तर बाहेरून बाहीच्या टोकावर उभ्या चुण्या येतात, आणि दोष टाक्याचा आहे असं वाटत राहतं.

४. दुमडून कच्चे टाके घाला

खडूच्या रेघेवर कापड उलट्या बाजूकडे दुमडा. जुनी पट्टी ४ सें.मी.ची असेल तर आता ती ७ सें.मी.ची होईल. शिवणीवर शिवण आणून टाचण्या लावा, आधी शिवणींपाशी, मग मधे. टाचण्या उभ्या लावा, दुमडीला काटकोनात. मग दुमडीपासून १.५ सें.मी.वर पांढऱ्या दोऱ्याने मोठे धावदोरे घाला. कापडाचे दोन्ही थर धरायचे, अस्तर बाजूला सारायचं.

टाचण्या काढल्यावर बाही एकदा सुलटी करून घालून पाहा. लांबी बदलायची असेल तर हीच वेळ.

५. न दिसणारा टाका

बाही परत वाटेतून बाहेर घ्या. आता कापडाची उलटी बाजू वर आहे, पट्टी वर दुमडलेली आहे, आणि पट्टीच्या वरच्या कडेला अस्तराची गोल शिवण आहे. त्या शिवणीची साधारण १ सें.मी.ची माया वर डोकावते. शिवायची ती ही माया. अस्तर खाली ओढून बाजूला धरा.

सुईत दोरा ओवा, एकेरी, कोपरापासून बोटापर्यंत एवढाच, म्हणजे ४५ सें.मी.च्या आसपास. लांब दोरा सतत कापडातून घासत जातो, पिळतो आणि गाठी पडतात. गाठ मायेच्या आत लपवा.

उजवा हात चालत असेल तर उजवीकडून डावीकडे जा. मायेची कड अंगठ्याने अर्धा सें.मी. स्वतःकडे वळवा. आता सुईचं टोक बाहीच्या कापडाला नुसतं टेकवा आणि विणीतला एक धागा उचला. फार तर दोन. सुई बाहेरच्या बाजूला डोकावता कामा नये. कापड जाड असेल तर ते जमतं, कारण जाडीच्या मधूनच धागा धरता येतो. मग ८ मि.मी. पुढे मायेच्या आतल्या बाजूत ३-४ मि.मी.चा टाका घ्या. परत कापडाचा एक धागा, परत माया. असा पूर्ण घेर. २५ सें.मी.च्या घेराला असे साधारण ३० टाके होतात.

दोरा ओढायचा नाही, फक्त बसवायचा. टाका ओढला की बाहेरून बारीक खळी पडते. दर पाचव्या-सहाव्या टाक्याला मायेतच एक छोटी उलटी टीप घ्या. मग पुढे कधी मुलाचं बोट किंवा घड्याळाचा पट्टा अडकून दोरा तुटला, तर फक्त तेवढाच भाग सुटेल, सगळी दुमड खाली येणार नाही.

मे महिन्यात दुपारी हे काम कराल तर बोटं घामेजतात, सुई अडते, आणि आपोआप दोरा जोरात ओढला जातो. सकाळी उरका, किंवा बोटांना जरा टाल्कम पावडर लावा.

पाच-सहा टाके झाले की थांबा आणि तपासा. बाही सुलट बाजूने डोळ्यांसमोर तिरकी धरा, खिडकीचा उजेड बाजूने यायला हवा. समोरून पाहिलं तर खळ्या दिसत नाहीत, बाजूच्या उजेडात सावली पडून लगेच दिसतात. काय दिसतं त्यावरून कारण ओळखता येतं:

बारीक ठिपक्यांसारख्या खळ्या ओळीत दिसल्या तर दोरा ताणला गेलाय. बोटाने कापड दोन्हीकडे हलकं ताणून पाहा. खळ्या गेल्या तर दोरा सरकून सैल झालाय, ठीक आहे. नाही गेल्या तर उसवा.

दोऱ्याचे ठिपके दिसत असतील पण खळी नसेल, तर धागे जास्त उचलले आहेत. उसवून परत एकच धागा घ्या.

आडवी रेघ उठलेली दिसली, खळ्या नाहीत, तर तो टाक्याचा दोष नाही. मायेची कड दाबली गेली आहे, बहुधा इस्त्रीने. तिच्यावर पुढे येतोच.

६. अस्तराची शिल्लक लांबी

हे बऱ्याच जणांकडून राहून जातं. बाही ३ सें.मी. वर गेली, पण पट्टीची वरची कड जुन्या जागेपासून ६ सें.मी. वर गेली, कारण दुमड ३ सें.मी. वर सरकली आणि पट्टीही ३ सें.मी.ने रुंद झाली. अस्तर त्या कडेलाच जोडलेलं आहे. म्हणजे अस्तरात बाहीच्या दुप्पट, ६ सें.मी. शिल्लक राहतात. ते तसेच सोडले तर मनगटाशी अस्तराचा बोळा होतो आणि हात घालताना बोटं त्यात गुरफटतात.

उपाय चिमट्याचा. अस्तराची उलटी बाजू वर असतानाच, गोल शिवणीपासून ६ ते ७ सें.मी. वर, पूर्ण घेराभोवती अडीच सें.मी. खोल चिमटा घ्या, म्हणजे ५ सें.मी. अस्तर त्यात जाईल. टाचण्या लावून बारीक धावदोऱ्याने शिवा, किंवा मशीनवर मोठ्या टाक्याने. चिमट्याची घडी उलट्या बाजूला राहते, आतून फक्त एक रेघ दिसते, त्यामुळे हात अडकत नाही.

पूर्ण ६ सें.मी. घेऊ नका. एक सें.मी. ढिलं असू द्या. अस्तर तोकडं पडलं तर ते बाहीला आतून वर ओढतं आणि टोक फुगल्यासारखं दिसतं. तपासायचं असेल तर बाही सुलटी करून ब्लेझर हँगरला लावा. बाहीचं टोक सरळ खाली पडलं पाहिजे. फुगलं किंवा आत वळलं तर चिमटा सैल करा. जास्त अस्तर खपतं, कमी मुळीच खपत नाही.

पांढरे कच्चे टाके आता काढून टाका. शोभेची बटणंही इथेच परत लावा, कारण दोऱ्याची गाठ अजून आत लपवता येते.

७. शिडीटाका

बाही उलटी करा. उसवलेल्या वाटेच्या दोन्ही कडा जुन्या घडीवर आत दुमडा, साधारण १ सें.मी. माया आत जाईल. टॅफेटाच्या घडीची खूण बहुधा राहिलेली असते. पुसट असेल तर इस्त्री अगदी कमी तापवून रुमालावरून एकदा फिरवा. दोन्ही घड्या एकमेकींना टेकवून टाचण्या लावा. एक कड दुसरीवर चढवायची नाही, फक्त टेकवायची.

अस्तराच्या रंगाचा एकेरी दोरा घ्या. वाट जिथे सुरू होते त्याच्या १ सें.मी. आधी, शाबूत शिवणीवर, घडीच्या आतून सुई काढा म्हणजे गाठ आत राहील. आता समोरच्या घडीत, दोरा जिथून निघाला त्याच्या बरोबर समोर, सुई घाला आणि घडीच्या आतल्या आत ३ मि.मी. पुढे काढा. परत पहिल्या घडीत, सरळ समोर घाला, ३ मि.मी. पुढे काढा. दोरा दोन घड्यांमधे आडव्या पायऱ्यांसारखा दिसतो. पायऱ्या काटकोनात असाव्यात. सुई जरा मागे किंवा पुढे घातली की पायरी तिरपी होते. तिरपी पायरी घट्ट केल्यावर आत जात नाही, कडेवर बारीक रेघ म्हणून दिसत राहते, आणि एक कड दुसरीपेक्षा पुढे सरकत जाते. वाटेच्या शेवटी एका बाजूला कापडाचा फुगवटा उरला, तर कारण हेच असतं.

चार-पाच टाके सैल ठेवा आणि मग दोरा शिवणीच्या दिशेने ओढा, वर नाही. घड्या मिटतात आणि दोरा दिसेनासा होतो. प्रत्येक टाका लगेच घट्ट केला तर पुढच्या पायरीची जागाच दिसत नाही. फार ओढला तर शिवण आखडून सुरकुततं, म्हणून प्रत्येक वेळी ओढल्यावर बोटाने तो भाग हलका ताणून घ्या.

ही जागा कोपराजवळ येते, तिथे ताण असतो, आणि शिडीटाका एकट्याने फार ताण झेलत नाही. दर २ ते ३ सें.मी.वर घडीच्या आत एक उलटी टीप घ्या. वाट संपल्यावर १ सें.मी. पुढे, शाबूत शिवणीवर जा, दोन बारीक टाके एकाच जागी घ्या, सुई घडीच्या आतून २ सें.मी. पुढे काढा आणि दोरा कापडालगत कापा. टोक आत सरकतं.

टॅफेटाची माया ७ मि.मी.पेक्षा कमी उरली असेल किंवा कड उसवत असेल, तर तेवढ्या भागात शिडीटाका टिकणार नाही, धागे सुटून बाहेर येतील. तिथे घडी जरा आत घेऊन शिवा. अस्तर त्या जागी किंचित अरुंद होतं, पण हात घालताना ते जाणवत नाही.

८. इस्त्री

फक्त दुमडीचा काठ, तोही ओलसर सुती रुमालावरून, दाबून आणि उचलून. इस्त्री घासायची नाही. पट्टीच्या वरच्या कडेवर मुळीच दाबू नका; तिथली जाडी कापडावर उमटते आणि मग ती आडवी रेघ जात नाही. ब्लेझरच्या कापडात पॉलिस्टर असतं, त्यामुळे तापलेली इस्त्री थेट फिरवली की चकाकी येते. अस्तराला कापसाच्या आकड्यावर इस्त्री लावली तर ते आकसतं.

९. पुढच्या वर्षी सोडताना

वाट परत उसवा, बाही बाहेर ओढा. आधी अस्तरातला चिमटा सोडा, मग दुमडीचे टाके. उलट क्रमाने गेलात तर आखूड अस्तर कापडाला ओढून धरतं. नवी लांबी जुन्या दुमडीपेक्षा वर ठेवायची असेल, तर माप घेऊन चौथ्या टप्प्यापासून सगळं परत करा. बाही पूर्ण सोडली तर यंदाची घडी बाहीवर रेघ म्हणून बाहेर येते. ओलसर रुमालावर वाफ देऊन ती बरीच पुसट होते, पण वर्षभर बाकाच्या कडेला घासून तिथे चमक आली असेल, तर ती चमक जात नाही.